रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर झोपेची गोळी चालेनाशी का होते, आणि मग काय करावे

प्रश्न: आईचे वय 64, वजन 56 किलो. आम्ही फोंड्याजवळ राहतो. 10 जूनपासून तिला क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, आरोग्य केंद्रातून मिळतात, रोज चार. त्याआधी तीन वर्षे ती झोल्पिडेम 10 मिलिग्रॅम घेऊन व्यवस्थित झोपायची. आता दीड महिना होत आला, गोळी घेऊनही रात्रभर जागीच असते. मावसभावाने लंडनहून मन शांत राहण्यासाठी सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल पाठवल्या, त्या दहा दिवस दिल्या, काहीच फरक नाही. ओळखीच्या एकाने झोल्पिडेम दोन द्या म्हणून सांगितले. द्याव्यात का?

उत्तर:

दोन देऊ नका. कॅप्सूल आजच बंद करा. क्षयाच्या गोळ्यांना मात्र हात लावू नका, एकही दिवस चुकवू नका. पुढे जे लिहितो आहे ते याच तीन वाक्यांमागचे कारण आहे. शेवटचा भाग नोव्हेंबरअखेरीचा आहे, कारण या प्रकरणात खरा धोका आजचा नसून तेव्हाचा आहे.

तुमच्या आईला मिळणाऱ्या एकेका गोळीत चार औषधे एकत्र असतात. त्यांतले रिफाम्पिसिन हे 150 मिलिग्रॅम. चार गोळ्यांचे रोजचे 600 मिलिग्रॅम झाले. 50 ते 64 किलो वजनाच्या माणसाला हीच मात्रा असते, म्हणजे तिचा डोस बरोबर आहे. पण रिफाम्पिसिन जंतू मारण्याबरोबर आणखी एक काम करते. यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींत पीएक्सआर नावाचे एक ग्राही प्रथिन असते, ते बाहेरून आलेली औषधे ओळखते. रिफाम्पिसिन त्याला जाऊन चिकटले की पेशी औषधे मोडणारी एन्झाइम जास्त प्रमाणात बनवू लागते. त्यांतले मुख्य एन्झाइम सीवायपी 3ए4, आणि झोल्पिडेम बहुतांशी त्याच्याच हातून मोडते. म्हणून आई तीच गोळी, तितकीच घेत असली तरी रक्तात पूर्वीइतके औषध पोचत नाही. गोळीची सवय होऊन तिचा जोर कमी झाला, असे हे प्रकरण नाही.

बरेच जण विचारतात, क्षयाची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि झोपेची रात्री दहाला, मध्ये बारा-चौदा तासांचे अंतर, मग एकीचा दुसरीवर परिणाम होतोच कसा? खाजन शेतीची मानस पाहिलेली असेल तर हे लगेच कळेल. बांधावरच्या मानशीला दोनच दारे असतील तर शेतातले पाणी ओहोटीला एका बेताने बाहेर पडते. तिला आणखी सहा दारे बसवली, तर दारे बसवणारा गवंडी सकाळी येऊन गेला की संध्याकाळी, याने काही फरक पडत नाही. दारे तिथेच असतात आणि पाणी झपाट्याने जाते. रिफाम्पिसिन हा तो गवंडी. ते स्वतः काही तासांत रक्तातून निघून जाते, पण त्याने वाढवलेले एन्झाइम चोवीस तास जागेवर असते. दारे बसवायला जसे काही दिवस लागतात तसे इथेही लागतात, आणि काढायलाही लागतात. ही दुसरी बाब लक्षात ठेवा.

आता आकड्यांत पाहू. निरोगी तरुण स्वयंसेवकांना पाच दिवस रोज 600 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन देऊन मग झोल्पिडेम दिले, तेव्हा रक्तातले झोल्पिडेमचे एकूण प्रमाण सरासरी 73 टक्क्यांनी घटले. त्याची सर्वोच्च पातळी 58 टक्क्यांनी खाली आली आणि अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ, अडीच तासांवरून सुमारे 1.6 तासांवर आले. ही सरासरी आईला लावून पाहिली तर तिची 10 मिलिग्रॅमची गोळी सध्या पावणेतीन मिलिग्रॅमसारखे काम करते आहे. तेवढीही लवकर संपते. रात्रभर जागी राहते म्हणून तुम्ही लिहिले आहे त्यात नवल नाही.

गोळी बदलून पाहू, असा पुढचा विचार साहजिकच येतो. तो इथे बहुधा फसतो, कारण नेहमी लिहून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या याच मानशीतून बाहेर पडतात. झोपिक्लोनचे रक्तातले प्रमाण रिफाम्पिसिनमुळे सुमारे 80 टक्क्यांनी घटते. ट्रायझोलाम आणि तोंडाने घेतलेले मिडाझोलाम तर 95 टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे गोळी जवळजवळ न घेतल्यासारखीच. अल्प्राझोलामही याच एन्झाइमवर अवलंबून आहे. झोपेसाठी दिले जाणारे ट्रॅझोडोन किंवा मिर्टाझापिन यांचीही पातळी एन्झाइम वाढवणाऱ्या औषधांबरोबर घसरते. एकामागून एक चार गोळ्या बदलल्या, चारही चालल्या नाहीत आणि रुग्णाच्या माथी 'असाध्य निद्रानाश' असा शिक्का बसला, असे नेमके या कारणाने घडते.

लोराझेपामची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते सीवायपी 3ए4 च्या वाटेला जात नाही. यकृत त्याला ग्लुकुरोनाइडशी जोडून थेट लघवीवाटे बाहेर टाकते. रिफाम्पिसिन त्या मार्गालाही थोडी गती देते, पण झोल्पिडेमइतकी नाही. त्यामुळे फारच गरज पडली तर डॉक्टर काही दिवसांपुरते ते निवडू शकतात. 64 व्या वर्षी मात्र त्याने तोल जाऊन पडण्याचा, विसरभोळेपणाचा आणि सवय लागण्याचा धोका आहेच. ते आपल्या मनाने सुरू करायचे औषध नव्हे.

दोष खरोखर रिफाम्पिसिनचाच आहे का, हे कसे ओळखावे

तारखा मांडा. क्षयाची औषधे 10 जूनला सुरू झाली. एन्झाइम वाढायला काही दिवस लागतात, आठवडाभरात बराच परिणाम दिसतो आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो जवळपास पूर्ण होतो. म्हणजे झोप साधारण 14 ते 24 जूनच्या दरम्यान हळूहळू बिघडत गेली असेल तर चित्र जुळते. पहिल्याच रात्रीपासून झोप उडाली असेल तर कारण दुसरे आहे. मे महिन्यातच गोळी कमी पडू लागली होती, असे आई म्हणत असेल तर ती तीन वर्षांची सवय आहे, रिफाम्पिसिनने तिच्यात भर घातली इतकेच.

दुसरी खूण म्हणजे इतर औषधेही त्याच सुमारास ढिली पडतात. आईला रक्तदाबासाठी अम्लोडिपिन किंवा मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू असेल तर तेही आता कमी पडत असण्याची शक्यता आहे. साखर वाढली की रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते आणि घरचे म्हणतात झोपेची गोळी चालत नाही. म्हणून झोपेच्या गोळीचा विचार करण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब मोजून घ्या. हे काम आरोग्य केंद्रातच होते.

क्षयाचा आजार आणि त्याची इतर औषधे यांचाही वाटा असतो. खोकला, रात्रीचा घाम, अंगाला सुटणारी खाज ही नेहमीची कारणे. त्याच गोळीतल्या आयसोनियाझिडनेही काहींची झोप उडते, म्हणून रोजच्या चारही गोळ्या सकाळीच संपवायच्या, संध्याकाळवर ढकलायच्या नाहीत.

एक लक्षण मात्र याहून वेगळे आणि तातडीचे आहे. दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जाग अशी उलटापालट झाली, सोबत उलट्या, अन्नावरची वासना जाणे, डोळे पिवळे होणे किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर तो निद्रानाश समजू नका. क्षयाच्या औषधांनी यकृताला इजा झाल्याचे ते चिन्ह असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे आणि गोळ्यांचे पुढे काय करायचे ते तिथे ठरवायचे. लघवी नारिंगी होण्याला मात्र घाबरू नका, रिफाम्पिसिनमुळे ती सगळ्यांचीच होते. फक्त डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात रोज पाहत जा.

कॅप्सूलविषयी

सेंट जॉन्स वर्ट, लॅटिनमध्ये हायपेरिकम परफोरेटम. युरोपात सौम्य नैराश्यासाठी ती वापरली जाते आणि तिथे अनेक ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळते. ज्यांच्या घरातले कोणी लंडन, लिस्बन किंवा आखातात आहे अशा गोव्यातल्या घरांत ती सुटकेसमधून येते. नैसर्गिक आहे म्हणून तिच्याबद्दल कोणी डॉक्टरला सांगत नाही, आणि गफलत नेमकी तिथे होते. या वनस्पतीतला हायपरफोरिन हा घटक रिफाम्पिसिनप्रमाणेच त्या पीएक्सआरला चिकटतो. 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीनदा, असा दोन आठवडे दिल्यावर अल्प्राझोलामचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर आले आणि अर्धायुष्य 12 तासांवरून 6 तासांवर. झोल्पिडेमवर परिणाम त्यामानाने कमी दिसतो, सरासरी तिसरा हिस्सा घटतो आणि काहींमध्ये जवळपास काहीच नाही.

आईच्या बाबतीत रिफाम्पिसिनने आधीच दारे पूर्ण उघडली असल्यामुळे या कॅप्सूलने झोल्पिडेम आणखी फारसे घटले नसेल. तरीही त्या बंद करायच्या, त्याची दोन कारणे आहेत. पहिले हे की त्यांनीच काही माणसांना अस्वस्थता आणि जाग येते. दुसरे, झोपेसाठी किंवा उदासीसाठी पुढे कोणी एस्सिटालोप्रामसारखे औषध सुरू केले तर दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. दहाच दिवस घेतल्या असल्याने त्या एकदम थांबवायला हरकत नाही. जो माणूस नैराश्यासाठी महिनोन्‌महिने घेतो आहे त्याने मात्र डॉक्टरांशी बोलून थांबवाव्यात. एक तर उदासी परतू शकते. शिवाय कॅप्सूल थांबल्यावर पुढच्या एक-दोन आठवड्यांत त्याच्या इतर गोळ्यांचा जोर वाढत जातो.

लेबल वाचताना लक्षात असू द्या की नाव दरवेळी इंग्रजीत नसते. जर्मन डब्यावर जोहानिसक्राउट असते. 'मूड', 'कॅल्म' किंवा 'सेरेनिटी' अशा नावाच्या मिश्रणांत ती सातव्या-आठव्या ओळीत बारीक अक्षरात सापडते. हायपेरिकम हा शब्द शोधा. होमिओपॅथीच्या दुकानात मिळणारे हायपेरिकम 30 किंवा 200 इतके विरळ केलेले असते की त्याने एन्झाइम वाढणार नाही; पण त्याच दुकानातला मदर टिंक्चर हा खरा अर्क आहे, तो रोज थेंब थेंब घेतला तर कॅप्सूलच्याच वर्गात धरावा.

अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी, तगर या आपल्याकडच्या वनस्पती या अर्थाने रिफाम्पिसिनच्या जातीच्या नाहीत. त्यांच्यामुळे झोल्पिडेम कमी पडते असे ठोस दिसलेले नाही. उलट गोळीबरोबर घेतल्या तर सुस्ती वाढू शकते. तरीही क्षयाचे उपचार चालू असताना अश्वगंधा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि आईचे यकृत सध्या तीन अशा औषधांना तोंड देते आहे जी स्वतःच यकृताला त्रास देऊ शकतात. झोप यावी म्हणून रात्री फेणीचा एखादा पेग देण्याची पद्धत काही घरांत आहे. याच कारणाने तीही या सहा महिन्यांत पूर्ण बंद.

मग झोल्पिडेमचे काय करायचे

दोन गोळ्या दिल्या तर काय होईल ते आधी पाहू. 20 मिलिग्रॅमचा परिणाम सध्या सुमारे साडेपाच मिलिग्रॅमइतका. थोडी झोप लागेल, सगळ्यांना वाटेल जमले. पण मुळात वृद्धांसाठी झोल्पिडेमची शिफारस केलेली मात्रा 5 मिलिग्रॅमच आहे. तीन वर्षे 10 चालू होते तेच जास्त होते.

माझा सल्ला उलट दिशेचा आहे. गेल्या पाच-सहा आठवड्यांत आईच्या शरीराला, कोणी ठरवलेले नसताना, झोल्पिडेमची जवळजवळ पाऊण मात्रा सोडायची सवय झाली आहे. जागरणाचा त्रास तिने सोसलाच आहे. आता उरलेली पाव मात्रा सोडवणे हे तीन वर्षांत कधी नव्हते इतके सोपे आहे. तिच्या डॉक्टरांसमोर हे असेच मांडा. 10 वरून 5 मिलिग्रॅम दोन आठवडे, मग 5 एक रात्र सोडून एक आठवडा-दोन आठवडे, आणि मग बंद, असा क्रम बहुतेकांना झेपतो. गोळी कमी केल्यावर तीन-चार रात्री झोप आणखी बिघडते आणि मग सावरते. घाबरून पुन्हा वाढवायची चूक त्याच तीन-चार रात्रींत होते, म्हणून हे घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

गोळीच्या जागी झोपेचे वेळापत्रक लागते, आणि ते वहीत मांडायचे. सात दिवस आई अंथरुणावर कधी पडली, अंदाजे किती तास झोपली, कधी उठली, एवढेच लिहा. समजा सरासरी साडेपाच तास झोप निघाली, पण ती नऊपासून सहापर्यंत नऊ तास पडून असते. तर उठण्याची वेळ सहा पक्की करायची आणि अंथरुणावर जाणे अकराच्या पुढे न्यायचे. टीव्ही, जप, काहीही चालेल, पण पाठ टेकायची नाही. आठवडाभर अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटे आधी, पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. क्षयाच्या अशक्तपणात दुपारची विश्रांती तोडू नका, फक्त ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची असू द्या. वेळेची खिडकी सहा तासांपेक्षा लहान करू नका. या पद्धतीचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, पण कोणतेही एन्झाइम तिला मोडत नाही.

हा उतरता क्रम झोल्पिडेमपुरता आहे. आईच्या जागी कोणी वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम घेणारा असता तर उत्तर वेगळे झाले असते. त्याच्यासाठी रिफाम्पिसिन सुरू होणे म्हणजे आठ-दहा दिवसांत गोळी जवळजवळ तोडणेच. मग हात थरथरणे, घाम, छातीत धडधड, भीती, कधी फिटसुद्धा येते. क्षयाच्या रुग्णाला घाम आला आणि नाडी वाढली तर ते आजाराच्याच खाती लिहिले जाते आणि खरे कारण राहून जाते. अशा माणसाने क्षयाच्या पहिल्या भेटीतच आपली गोळी दाखवायला हवी. तिथे मात्रा तात्पुरती वाढवणे किंवा लोराझेपामवर नेऊन नंतर उतरवणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोविकार इस्पितळात किंवा जिल्हा इस्पितळाच्या मनोविकार विभागात हा सल्ला मिळतो.

कार्बामाझेपिन असेल तर

फिट्ससाठी किंवा चेहऱ्याच्या शिरेच्या कळांसाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्यांचीही हीच तक्रार असते. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन यांचेही तसेच. कार्बामाझेपिनमुळे झोल्पिडेमचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, अल्प्राझोलामचे अर्धायुष्य 17 तासांवरून 8 तासांच्या आत येते. फरक दोन आहेत. कार्बामाझेपिन आपले स्वतःचे मोडणेही वाढवते आणि हे स्थिरावायला तीन ते पाच आठवडे लागतात, म्हणून झोप रिफाम्पिसिनपेक्षा सावकाश बिघडते आणि कोणी दोन्हींची सांगड घालत नाही. शिवाय क्षयाच्या उपचारांना शेवटची तारीख असते, कार्बामाझेपिनला बहुधा नसते. तिथे संकट येते ते औषध बदलताना. न्यूरोलॉजिस्टने कार्बामाझेपिन उतरवून लेव्हेटिरासेटाम सुरू केले की त्या एन्झाइमचा जोर काही आठवड्यांत ओसरतो, आणि दरम्यान वाढवून ठेवलेली झोपेची गोळी जड होते. व्हॅल्प्रोएटवर नेले आणि रुग्ण लोराझेपामवर असेल तर आणखी जपायचे, कारण व्हॅल्प्रोएट लोराझेपामचे बाहेर पडणे रोखते आणि त्याची मात्रा निम्मी करावी लागते. झोप येत नाही म्हणून फिट्सचे औषध आपण होऊन कधीही थांबवू नये. एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते.

उलट कुष्ठरोगात रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच असते, त्याने झोपेच्या गोळीवर असा टिकाऊ परिणाम होत नाही. घरातल्या इतरांना क्षय होऊ नये म्हणून आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा आठवडे दिले जात असेल तर मात्र लक्ष ठेवा. रिफापेंटिनही एन्झाइम वाढवते. वडील झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेत असतील तर त्यांनाही हे लागू आहे.

नोव्हेंबरअखेर

उपचारांचे पहिले दोन महिने संपले की, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास, आईच्या गोळ्या बदलतील. पायराझिनामाइड निघेल, पण गोळ्या चारच राहतील आणि रिफाम्पिसिन 600 मिलिग्रॅमच राहील. म्हणून तेव्हा झोल्पिडेमचा जोर परत येणार नाही, त्याची वाट पाहू नका. सहा महिन्यांचे उपचार न चुकता झाले तर शेवटचा डोस नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्यानंतर एन्झाइम आपोआप उतरू लागते आणि सुमारे दोन आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पूर्वपदावर येते.

समजा तुम्ही आज दोन गोळ्या सुरू केल्या आणि त्या तशाच चालू राहिल्या. नोव्हेंबरपर्यंत साडेपाच मिलिग्रॅमसारखे वागणारे 20 मिलिग्रॅम डिसेंबरमध्ये पूर्ण 20 होऊन वागेल. क्षय बरा झाला म्हणून घर निश्चिंत असते, आरोग्य केंद्राच्या फेऱ्या संपलेल्या असतात, आणि रात्री दोनला न्हाणीघराकडे जाताना आई पडते. माकडहाड किंवा खुबा मोडला की त्याचा संबंध कोणी दोन आठवड्यांपूर्वी बंद झालेल्या गोळीशी लावत नाही. झोपेत उठून चालणे, स्वयंपाकघरात गॅस पेटवणे आणि सकाळी काहीच न आठवणे हेही झोल्पिडेमच्या जास्त मात्रेत होते.

हे तुमच्याकडे घडायला वाट मोकळी आहे, कारण तिची तीन औषधे तीन ठिकाणांहून येतात आणि एकाला दुसऱ्याचे माहीत नाही. झोल्पिडेम आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही अनुसूची एच-1 मध्ये आहेत, म्हणजे फार्मसीवाल्याला ती चिठ्ठीवरच द्यावी लागतात आणि वेगळ्या वहीत रुग्णाच्या नावाने लिहावी लागतात. पण आईचे रिफाम्पिसिन सरकारी केंद्रातून मोफत येते, त्यामुळे फार्मसीच्या वहीत फक्त झोल्पिडेम दिसते. आरोग्य केंद्राच्या उपचार कार्डावर फक्त क्षयाच्या गोळ्या. लंडनची कॅप्सूल कुठेच नाही.

म्हणून एकच कागद करा. त्यावर क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्याची तारीख, संपण्याची अपेक्षित तारीख, झोल्पिडेमची सध्याची मात्रा, कॅप्सूल कधीपासून कधीपर्यंत घेतल्या ते, आणि साखर-रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे लिहा. त्याची एक प्रत उपचार कार्डाला टाचा, एक झोल्पिडेम लिहून देणाऱ्या डॉक्टरांना द्या, एक नेहमीच्या फार्मसीत. डॉक्टरांनी काही कारणाने झोपेची कोणतीही गोळी वाढवलीच, तर त्याच वेळी विचारा: रिफाम्पिसिन बंद होईल तेव्हा ही कितीवर आणायची आणि कोणत्या तारखेला? ते उत्तर कागदावर लिहून घ्या. वाढवलेली मात्रा शेवटच्या डोसबरोबरच उतरवायला घ्यायची असते. रक्तदाब आणि साखरेच्या वाढवलेल्या गोळ्यांनाही हाच नियम, कारण डिसेंबरमध्ये त्यांचाही जोर वाढतो; चक्कर येणे, सकाळी साखर खूप खाली जाणे ही त्याची पहिली चिन्हे. शेवटच्या डोसनंतर तीन आठवडे आठवड्यातून दोनदा रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर मोजा, आणि सकाळी उठताना आई नेहमीपेक्षा जास्त सुस्त किंवा अडखळत बोलणारी वाटली तर त्याच दिवशी झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना फोन करा.